कायद्याची पहिली परीक्षा: स्वागताच्या भाषणात काय सांगावे

विधी महाविद्यालयात नव्या तुकडीचे स्वागत होते, तेव्हा प्राचार्य आणि प्राध्यापकांनंतर अंतिम वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला बोलायला सांगतात. या भाषणाकडून श्रोत्यांची एकच खरी अपेक्षा असते. पहिली सत्र परीक्षा चार-पाच महिन्यांवर आलेली असते आणि ती नेमकी कशी असते, हे त्यांना ऐकायचे असते. प्राध्यापक विषय शिकवतात. त्या विषयाची उत्तरपत्रिका तीन तासांत कशी लिहायची, हे मात्र ती नुकतीच लिहून आलेल्या विद्यार्थ्यालाच ताजे आठवत असते. म्हणून या भाषणाचा मुख्य भाग उत्तर लिहिण्याच्या पद्धतीवर असावा लागतो.

समोर बसलेल्यांची पार्श्वभूमी सारखी नसते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आलेले विद्यार्थी बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी. किंवा इंजिनीअरिंग करून आलेले असतात. काही जण नोकरी सांभाळून शिकणारे असतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी नुकतेच बारावी झालेले असतात. या सगळ्यांना आजवरच्या परीक्षांनी एक सवय लावलेली असते: प्रश्न वाचायचा, तो कोणत्या प्रकरणातला आहे हे ओळखायचे आणि त्या प्रकरणातले जे आठवते ते लिहून काढायचे. कायद्याच्या प्रश्नपत्रिकेतले दीर्घोत्तरी प्रश्न आणि टिपा या सवयीवर थोड्याफार निभावतात. पण जवळजवळ प्रत्येक पेपरात एक वेगळा प्रकार असतो. त्यात एक छोटी घटना दिलेली असते आणि कोणाचा कोणता हक्क आहे हे विचारलेले असते. विद्यार्थी त्याला नुसते ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. पहिल्या सत्रात जुनी सवय सर्वांत जास्त गुण घालवते ती इथे. त्यामुळे भाषणात एक प्रॉब्लेम प्रत्यक्ष सोडवून दाखवला, तर श्रोत्यांच्या हाती काही ठोस पडते.

त्यासाठी भारतीय करार कायदा, १८७२ मधला विषय सोयीचा असतो, कारण हा कायदा बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षातच शिकवतात. समजा प्रश्न असा आहे. अकोल्याच्या ‘अ’ने नाशिकच्या ‘ब’ला आपला ट्रॅक्टर २ लाख रुपयांना विकण्याचा प्रस्ताव पत्राने पाठवला. ते पत्र ‘ब’ला ३ जूनला मिळाले. ४ जूनला ‘अ’चे मन बदलले आणि त्याने प्रस्ताव मागे घेत असल्याचे पत्र टपालात टाकले. ५ जूनला सकाळी ‘ब’ने होकाराचे पत्र टाकले. ६ जूनला दुपारी ‘अ’चे माघारीचे पत्र ‘ब’ला मिळाले. ७ जूनला ‘ब’चे होकाराचे पत्र ‘अ’ला मिळाले. ‘अ’ आता ट्रॅक्टर द्यायला नकार देतो. ‘ब’ त्याला कराराने बांधून ठेवू शकतो का?

जुन्या सवयीने लिहिलेले उत्तर करार म्हणजे काय इथून सुरू होते. पुढे वैध कराराचे सगळे घटक येतात: प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल, पक्षकारांची पात्रता, मुक्त संमती. दीड पान भरते. शेवटी एक वाक्य येते की ‘अ’ने आधीच माघार घेतल्यामुळे करार झाला नाही. या उत्तराची व्याख्या बरोबर असते आणि अक्षरही चांगले असते, तरी त्याला फारसे गुण मिळत नाहीत. पात्रतेचा किंवा मुक्त संमतीचा इथे वादच नाही. आणि ज्या तारखांवर सगळा प्रश्न उभा आहे, त्यांना उत्तरात कुठेच हात लावलेला नाही. शिवाय निष्कर्षही चुकला आहे.

बरोबर पद्धत चार पायऱ्यांची आहे. आधी वादाचा मुद्दा सांगायचा, मग त्याला लागणारा नियम, मग तो नियम दिलेल्या घटनेला लावून दाखवायचा आणि शेवटी निष्कर्ष. इंग्रजी आद्याक्षरांवरून विद्यार्थी तिला ‘आयरॅक’ म्हणतात.

पहिली पायरी एका वाक्याची असते. ‘ब’ला माघार कळली ६ जूनला आणि त्याने होकार टपालात टाकला ५ जूनला, तेव्हा ‘अ’ची माघार वेळेत झाली का, हा इथला मुद्दा. मुद्दा असा तारखांसह लिहिला की उत्तराला दिशा मिळते आणि प्रश्न नीट वाचला आहे हे परीक्षकालाही पहिल्या दोन ओळींतच दिसते.

दुसऱ्या पायरीला कलम ४ आणि कलम ५ लागतात. कलम ५ प्रमाणे प्रस्ताव देणाऱ्याला तो मागे घेता येतो, पण स्वीकृती त्याच्याविरुद्ध पूर्ण होण्याआधीच. स्वीकृती त्याच्याविरुद्ध कधी पूर्ण होते, हे कलम ४ सांगते: स्वीकारणाऱ्याने ती अशा रीतीने रवाना केली की ती परत घेणे त्याच्या हाती उरले नाही, की पूर्ण होते. माघारीचाही नियम याच कलमात आहे. ज्याला माघार कळवायची, त्याच्याविरुद्ध ती पूर्ण होते ती त्याला कळल्यावर. एवढे तीन नियम स्वतःच्या शब्दांत, कलमांच्या क्रमांकांसह लिहिले की पुरे.

तिसरी पायरी म्हणजे उत्तराचा गाभा. होकाराचे पत्र ५ जूनला सकाळी टपालात पडले. त्या क्षणी ‘अ’च्या बाजूने स्वीकृती पूर्ण झाली. ‘अ’ने माघारीचे पत्र ४ जूनला टाकले होते खरे, पण ‘ब’च्या बाजूने ती माघार पूर्ण झाली ६ जूनला, त्याला पत्र मिळाल्यावर. म्हणजे माघार एक दिवस उशिरा पोचली. चौथ्या पायरीत फक्त निकाल लिहायचा: करार झालेला आहे, ‘अ’ बांधला गेला आहे आणि त्याने ट्रॅक्टर दिला नाही, तर ‘ब’ला करारभंगाबद्दल नुकसानभरपाई मागता येईल. ‘माघारीचे पत्र आधी टाकले होते’ या वस्तुस्थितीला भुलून बरेच विद्यार्थी उलटा निकाल देतात. प्रश्न रचणाऱ्याने ती तारीख त्यासाठीच घातलेली असते.

याच घटनेत एक ओळ बदलली की उत्तर बदलते आणि भाषणात हा बदल दाखवणे फार उपयोगाचे असते. समजा, ६ जूनला संध्याकाळी ‘ब’नेच ‘अ’ला फोन करून सांगितले की आपल्याला ट्रॅक्टर नको, होकाराचे पत्र आले तर ते रद्द समजावे. आता ‘अ’ला ‘ब’कडून करार पाळून घेता येईल का? कलम ४ प्रमाणे स्वीकृती स्वीकारणाऱ्याविरुद्ध पूर्ण होते ती प्रस्ताव देणाऱ्याला कळल्यावर, म्हणजे इथे ७ जूनला. तोवर ‘ब’ला माघार घेण्याची मुभा आहे आणि त्याने ती ६ जूनलाच फोनवर कळवली आहे. म्हणून ‘ब’ मोकळा. एकच पत्र ‘अ’ला ५ जूनला बांधते आणि ‘ब’ला ७ जूनला, ही भारतीय कायद्याची रचना आहे. इंग्लंडमध्ये १८१८ च्या ‘अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेल’ या खटल्यापासून होकाराचे पत्र टपालात पडताच करार झाला असे धरतात. इंग्रजी पुस्तकावरून किंवा तयार नोट्सवरून अभ्यास केलेला विद्यार्थी तोच नियम इथे लावतो आणि ‘ब’लाही बांधून टाकतो. आपली चूक त्याला उत्तर लिहिताना कळत नाही, कारण त्याचा नियम खोटा नसतो. तो दुसऱ्या देशाचा असतो.

ही चूक टाळण्याचा उपाय साधा आहे. मूळ कायद्याची, फक्त कलमे असलेली पुस्तिका अभ्यासाला घ्यायची. विद्यार्थी तिला ‘बेअर अ‍ॅक्ट’ म्हणतात. ती स्वस्त असते, पातळ असते आणि पहिल्या सत्रात बहुतेकांच्या पिशवीत नसते, कारण तिची भाषा अवघड वाटते. पण १८७२ च्या या कायद्यात अनेक कलमांखाली उदाहरणे दिलेली आहेत आणि ती सोपी आहेत. कलम ४ आणि ५ च्या खाली ‘अ’ पत्राने ‘ब’ला घर विकण्याचा प्रस्ताव देतो, अशीच उदाहरणे आहेत. वरचा ट्रॅक्टरचा प्रॉब्लेम म्हणजे त्याच घराची थोडी बदललेली गोष्ट आहे. जुन्या प्रश्नपत्रिका आणि बेअर अ‍ॅक्ट शेजारी ठेवून पाहिल्यावर असे अनेक प्रॉब्लेम कलमाखालच्या उदाहरणांतून निघालेले दिसतात. म्हणून कलम वाचताना त्याचे स्पष्टीकरण, त्यातला अपवाद सांगणारे परंतुक आणि उदाहरणे हे तिन्ही वाचायचे असतात. उदाहरणाचे उत्तर झाकून ते स्वतः लिहून पाहणे हा प्रॉब्लेमचा सर्वांत स्वस्त सराव आहे.

कलमांनंतर खटले येतात आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त धास्ती खटल्यांच्या नावांची असते. यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक खटल्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात: काय घडले, न्यायालयापुढे प्रश्न कोणता होता, निकाल काय लागला आणि तो कोणत्या कारणाने. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी याचा चांगला नमुना म्हणजे ‘भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास’ हा खटला. त्यातली एक बाजू बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावची होती आणि दुसरी अहमदाबादची. अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी १९५९ मध्ये सरकी पेंड विकत घेण्यासाठी खामगावला फोन केला आणि खामगावकरांनी फोनवरच होकार दिला. माल आला नाही, तेव्हा अहमदाबादच्या बाजूने तिथल्याच न्यायालयात दावा लावला. खामगावकरांचे म्हणणे असे की होकार खामगावात उच्चारला गेला, म्हणून करार खामगावात झाला आणि अहमदाबादच्या न्यायालयाला हा दावा चालवण्याचा अधिकार नाही.

प्रश्न वरवर फक्त गावाचा दिसतो, पण त्याच्या पोटात कलम ४ चा प्रश्न आहे. पत्राचा नियम फोनला लावला, तर होकार रवाना झाला ते ठिकाण खामगाव. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो नियम फोनला लावला नाही. फोनवर दोघेही एकाच वेळी बोलत आणि ऐकत असतात, तेव्हा होकार जिथे ऐकू येतो तिथे करार होतो, असे त्याने ठरवले. म्हणून करार अहमदाबादला झाला आणि तिथले न्यायालय दावा चालवू शकले. न्या. हिदायतुल्ला यांनी मात्र वेगळे मत दिले. त्यांच्या मते कलम ४ चे शब्द फोनलाही लागू होत होते. परीक्षेत या वेगळ्या मताचा एका ओळीत उल्लेख केला, तर खटला खरोखर वाचला आहे हे परीक्षकाला कळते. हा निकाल १९६५ च्या ऑगस्टमध्ये लागला, पण निवाडे-संग्रहाच्या १९६६ च्या खंडात छापला गेला. त्यामुळे पुस्तकांत दोन्ही वर्षे दिसतात आणि विद्यार्थी गोंधळतात. वर्षाची खात्री नसेल तर ते न लिहिलेले बरे. खटल्याचे पूर्ण नाव आठवत नसेल, तर ‘खामगाव-अहमदाबाद फोनच्या व्यवहाराचा सर्वोच्च न्यायालयातला खटला’ असे लिहून तत्त्व नीट मांडले तरी उत्तर उभे राहते. मनाने रचलेले नाव किंवा संदर्भ क्रमांक मात्र कधीच लिहू नये. परीक्षकाला तो ओळखता येतो आणि पुढे वकिलीत तीच सवय फार महाग पडते.

यानंतर वेळेचा हिशेब. प्रश्नपत्रिकेची रचना प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते. पण ८० गुणांचा पेपर आणि तीन तास असे धरले, तर हिशेब सोपा होतो. १८० मिनिटांतली १० सुरुवातीला प्रश्न वाचून निवडायला आणि १० शेवटी तपासायला ठेवली की १६० उरतात. म्हणजे एका गुणाला दोन मिनिटे. १६ गुणांच्या प्रश्नाला ३२ मिनिटे आणि ८ गुणांच्या प्रॉब्लेमला १६. पहिल्या परीक्षेत हमखास होणारी चूक अशी की पहिला प्रश्न चांगला येतो, म्हणून विद्यार्थी त्यावर पाऊण-एक तास लिहीत राहतो. त्या जास्तीच्या लिखाणाने फार तर एखाद-दोन गुण वाढतात. तिकडे शेवटचा प्रश्न अर्धवट राहतो किंवा सुटूनच जातो आणि त्याचे १६ गुण जातात. पुरवणीवर पुरवणी मागणारा मागच्या बाकावरचा परीक्षार्थी पाहून घाबरायचेही कारण नसते. ३२ मिनिटांत हाताने जितके लिहून होते, तितक्याच लांबीचे उत्तर अपेक्षित असते. घरी घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण लिहिली, की आपला हात किती चालतो हे आधीच कळते. भाषेचा प्रश्नही याच वेळी सोडवावा. उत्तरे मराठीत लिहायला परवानगी आहे का, हे परीक्षा विभागाला विचारून घ्यावे आणि जी भाषा ठरेल त्याच भाषेत सत्रभर सराव करावा. मराठीत लिहिताना कायद्याच्या संज्ञा एकाच रूपात वापराव्यात. ‘प्रस्ताव’ लिहायला सुरुवात केली की पुढे त्याचा ‘देकार’ करू नये.

स्वागताच्या भाषणाची एक मर्यादाही भाषणातच सांगून टाकावी लागते. सीनिअरने आपल्या नोट्स द्यायची तयारी दाखवली की त्यांच्या झेरॉक्स निघतात आणि त्या वर्षानुवर्षे फिरत राहतात. कायदा मात्र दरम्यान बदललेला असतो. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, २०२३ आली. ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमे आली आणि क्रमांक बदलले. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते आता १०३ आहे. फसवणुकीचे ४२० सर्वांच्या तोंडी बसले होते, तो गुन्हा आता कलम ३१८ मध्ये आहे. हिसकावून केलेली चोरी कलम ३०४ मध्ये स्वतंत्र गुन्हा म्हणून आली, जुन्या संहितेत तसे कलम नव्हते. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी संहिताच लागू राहते, म्हणून प्रॉब्लेममधली घटनेची तारीख इथेही आधी पाहावी लागते. ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदाही आता नाही. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. जुन्या नोट्स वापरायच्या तर प्रत्येक कलम चालू बेअर अ‍ॅक्टशी ताडून पाहावे. क्रमांक जुळला नाही की ते पान बाजूला ठेवावे. करार कायद्याच्या जुन्या नोट्सना हा धोका कमी आहे, फौजदारी कायद्याच्या नोट्सना तो सर्वांत जास्त.

शेवटचा भाग निकालाचा. पहिल्या सत्रात एखादा विषय राहणे नवे नाही. महाराष्ट्रात त्यासाठी एटीकेटीची सोय आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत विषय राहिले, तरी विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात बसता येते आणि राहिलेला पेपर नंतर पुन्हा देता येतो. किती विषयांपर्यंत ही सवलत मिळते आणि कोणत्या वर्षाला जाण्याआधी मागचे सगळे विषय सुटलेले असावे लागतात, हे नियम विद्यापीठानुसार बदलतात. ते वरच्या वर्गाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा परीक्षा विभागाच्या परिपत्रकात वाचावेत. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागण्याची आणि फेरमूल्यांकनाची सोय असते, पण त्यांच्या अर्जांची मुदत थोड्याच दिवसांची असते आणि ती चुकली की उपाय उरत नाही.

छायाप्रत मागताना हेतू फक्त गुण वाढवण्याचा नसावा. ती हातात आली की प्रॉब्लेमचे उत्तर काढून त्यात चार पायऱ्या शोधाव्यात. मुद्दा एका वाक्यात लिहिला आहे का? कलमाचा क्रमांक आहे का? प्रश्नातली नावे आणि तारखा उत्तराच्या मधल्या भागात पुन्हा आल्या आहेत का? त्या आल्या नसतील, तर नियम घटनेला लावलाच गेलेला नाही आणि गुण तिथेच गेले आहेत. त्या आल्या असून निष्कर्ष चुकला असेल, तर बेअर अ‍ॅक्ट उघडून कोणता नियम चुकला ते पाहावे. उत्तर बरोबर असून शेवटचा प्रश्नच राहिला असेल, तर दोष वेळेच्या वाटणीचा आहे. या तीन दोषांचे उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्यासाठी प्रॉब्लेम लिहून सोडवण्याचा सराव, दुसऱ्यासाठी कलमांचे वाचन आणि तिसऱ्यासाठी घड्याळ लावून लिहिलेली जुनी प्रश्नपत्रिका. आपला दोष यांपैकी कोणता हे एकदा ठरले, की दुसऱ्या सत्राचा अभ्यास कुठून सुरू करायचा तेही ठरते.